बंगाल शैली आणि प्रोग्रेसिव्ह ग्रुप: स्लाइड पाहून तुलना कशी करावी

कला-इतिहासाच्या स्लाइड्समध्ये बंगाल शैली आणि मुंबईचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप बहुधा पाठोपाठ येतात. मग उत्तरपत्रिकेत हमखास एक वाक्य उतरतं: ‘बंगाल शैली भारतीय, प्रोग्रेसिव्ह पाश्चात्त्य.’ हे वाक्य चूक आहे. का चूक आहे ते तंत्र, काळ आणि कारण या क्रमाने गेलात की आपोआप दिसतं. दोन चित्रं घेऊन ते करून पाहू: अवनींद्रनाथ टागोरांचं ‘भारतमाता’ (१९०५) आणि एम. एफ. हुसेन यांचं ‘जमीन’ (१९५५).

पहिली पायरी: मजकूर झाकून चित्र बघा

स्लाइडवरचा मजकूर हाताने किंवा कागदाने झाकून ठेवा आणि फक्त डोळ्यांना दिसतं ते वहीत लिहा. ‘भारतमाता’त भगव्या वस्त्रातली एक तरुणी उभी आहे. तिला चार हात आहेत आणि त्यांत पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र आणि जपमाळ आहे. मागची पार्श्वभूमी धुक्यासारखी आहे, कुठे एक रंग संपतो आणि दुसरा सुरू होतो ते सांगता येत नाही. ‘जमीन’ आडवं, पट्ट्यांसारखं लांब चित्र आहे. त्यात गावाकडच्या जगण्यातल्या आकृती एकमेकींशेजारी मांडल्या आहेत, बाह्यरेषा जाड आहेत आणि रंग सपाट.

एवढं लिहून झालं की मगच कागद काढा. आधी मजकूर वाचला की चित्रात आपण तेच शोधत बसतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: तंत्र ओळखा

बंगाल शैलीचं वॉश तंत्र समजल्याशिवाय ही तुलना उभी राहत नाही. कागदावर रेखाटन करून जलरंग लावायचा, तो वाळू द्यायचा आणि मग अख्खा कागद पाण्यात बुडवायचा. सुटा रंग निघून जातो, कागदात मुरलेला तेवढा राहतो. वाळला की पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असे थर साचत गेले की ते धुकं तयार होतं, आणि डोळे, बोटं, वस्त्राच्या कडा शेवटी बारीक कुंचल्याने काढल्या जातात.

स्लाइडवर इथे एक फसगत होते. धूसर चित्र पाहून फोटोच खराब आला असावा असं वाटतं. चेहरा आणि बोटं बघा. तिथली रेष स्वच्छ असेल आणि मागचं तेवढं विरघळलेलं असेल, तर ते धुकं चित्रकाराचं आहे. सगळंच सारखं पुसट असेल तर दोष फोटोचा.

‘जमीन’ मात्र कॅनव्हासवरचं तैलचित्र आहे. तैलरंगाला पाण्यात मुरायचं नसतं, तो पृष्ठभागावर राहतो आणि कुंचल्याचा जोर दाखवतो. हुसेन यांनी आधी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली होती. लांबून वाचता येईल अशी ठाम रेष त्या कामात लागतेच.

आता मापं बघा. पडद्यावर दोन्ही चित्रं सारख्याच आकाराची दिसतात. प्रत्यक्षात ‘भारतमाता’ वहीच्या पानाएवढं आहे, उंची तीस सेंटिमीटरपेक्षाही कमी. ‘जमीन’ पाच मीटरहून लांब आहे. एक हातात धरून जवळून बघायचं आणि दुसऱ्यासमोरून चालत जायचं. तंत्राच्या रकान्यात माप लिहिलं नाही तर हा फरक सुटतो.

आणखी एक खबरदारी घ्या. तंत्र हे प्रत्येक चित्राचं असतं, चळवळीच्या नावावरून ते गृहीत धरू नका. अवनींद्रनाथांचं ‘शहाजहानचा अंत’ (१९०२) बंगाल शैलीच्या स्लाइडमध्ये असतंच. मुघल लघुचित्रासारखी मांडणी पाहून ते जलरंगातलं वाटतं, पण ते तैलरंगात केलेलं आहे.

तिसरी पायरी: काळ दोन तारखांत मोडा

‘१९०५ ते १९४७’ असा एक पट्टा लिहून भागत नाही. प्रत्येक चळवळीसाठी दोन गोष्टी शोधा: सुरुवात कशी झाली आणि माणसं कधी पांगली.

बंगाल शैलीची सुरुवात ई. बी. हॅवेल हे १८९६ मध्ये कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्रमुख झाले तिथून धरता येते. १९०२ मध्ये जपानी विचारवंत ओकाकुरा कलकत्त्याला आले आणि पुढच्या वर्षी योकोयामा ताइकान व हिशिदा शुन्सो हे चित्रकार. त्यांच्या ओल्या कुंचल्याकडे पाहून अवनींद्रनाथांचं वॉश घडलं. १९०७ मध्ये इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट निघाली. पुढे नंदलाल बोस यांच्यासारखे शिष्य आपापल्या वाटेने गेले, त्यामुळे शेवटाला नेमकी तारीख नाही.

प्रोग्रेसिव्ह ग्रुपचं उलट आहे. १९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे असे सहा जण एकत्र आले. साळगावचे सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला, आणि १९५६ मध्ये ग्रुप विसर्जित झाला. म्हणून सूझांचं लंडनमधलं चित्र स्लाइडवर ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणून आलं तर साल तपासा. चित्रकार ग्रुपचा होता, पण चित्र ग्रुप सोडल्यानंतरचं असू शकतं.

चौथी पायरी: कारण शोधताना नकार शोधा

इथेच उत्तराचा कस लागतो. ‘स्वदेशीमुळे’ किंवा ‘स्वातंत्र्यामुळे’ एवढ्यावर थांबू नका. या चित्रकारांच्या समोर भिंतीवर काय टांगलेलं होतं आणि त्यांनी कशाला नाही म्हटलं, हे विचारा.

अवनींद्रनाथांच्या समोर ब्रिटिश कलाशाळेचा हुबेहूब चित्रणाचा धडा होता आणि रविवर्म्यांची तैलचित्रं होती. त्याला नकार देऊन ते मुघल लघुचित्रांकडे वळले. १९०५ च्या वंगभंगाने त्या नकाराला राजकीय अर्थ दिला. पण या वळणाला बळ देणारा हॅवेल इंग्रज होता आणि तंत्र जपानहून आलं होतं.

प्रोग्रेसिव्हांनी दोन गोष्टी नाकारल्या: कलाशाळांचा तोच जुना वास्तववाद आणि बंगाल शैलीची हळवी गतकालीनता. युरोपातून मुंबईत आलेले चित्रकार लँगहॅमर आणि कलासमीक्षक फॉन लायडन यांच्यामुळे आधुनिक युरोपीय चित्रकला त्यांच्या जवळ आली, हे खरं. पण १९४८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात हुसेन आणि सूझा यांनी मथुरेची शिल्पं आणि बसोलीची लघुचित्रं पाहिली, आणि हुसेन यांच्या रंगांवर व आकृत्यांवर त्याचा ठसा उमटला. म्हणजे लघुचित्रांकडे अवनींद्रनाथ आणि हुसेन दोघेही गेले. एकाने त्यातून नाजूक रेष आणि शांतता घेतली, दुसऱ्याने धगधगीत सपाट रंग.

पाचवी पायरी: तुलना लिहा

दोन वेगळे परिच्छेद लिहून मधे ‘तर’ टाकू नका. एकेका मुद्द्यावर दोन्ही चित्रं एकत्र आणा. उदाहरणार्थ:

‘भारतमाता आणि जमीन या दोन्ही चित्रांत देश हाच विषय आहे. १९०५ मध्ये परक्या सत्तेखाली अवनींद्रनाथांनी तो देवीच्या रूपात, पाण्यात मुरवलेल्या जलरंगात, जवळून पाहायच्या आकारात काढला. १९५५ मध्ये स्वतंत्र देशात हुसेन यांनी तोच देश गावातल्या माणसांच्या रूपात, जाड रेषांच्या तैलरंगात, भिंतभर मांडला. दोघांनी परदेशातून घेतलं आणि दोघांनी लघुचित्रांकडून घेतलं. वेगळं होतं ते त्यांनी नाकारलेलं.’

लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याला स्लाइडमधल्या एखाद्या चित्राचा आधार आहे का ते बघा. ज्या वाक्यासाठी चित्राकडे बोट दाखवता येत नाही, ते काढून टाका.