जानेवारीची कमाई जूनमध्ये: जाहिरात नेटवर्कच्या पैशांचा हिशोब

लहान वेबसाइट चालवणारे नवे लोक मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: डॅशबोर्डवर पैसे दिसतात, मग खात्यात का येत नाहीत? मी स्वतः काही लहान साइट्स चालवतो आणि ओळखीतल्या पब्लिशरांचे, म्हणजे आपल्यासारख्याच साइटवाल्यांचे, हिशोबही जुळवून देतो. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा दोन नियमांत सापडतं. पहिला थ्रेशोल्डचा, म्हणजे किमान किती रक्कम जमली की साइटवर जाहिराती पुरवणारं नेटवर्क पैसे पाठवतं. दुसरा मुदतीचा, म्हणजे महिना संपल्यावर किती दिवसांनी पाठवतं. हे दोन्ही एकत्र कसे चालतात हे समजलं की कधी थांबायचं आणि कधी काळजी करायची, हे आपलं आपल्याला कळतं.

आधी मुदत. 'नेट 30' किंवा 'नेट 60' असं अटींमध्ये लिहिलेलं असतं. हे दिवस क्लिक झाल्यापासून मोजत नाहीत, महिना संपल्यापासून मोजतात. त्यामुळे नेट 60 वाल्या नेटवर्कवर 1 जानेवारीला कमावलेला पैसा 1 एप्रिलच्या आसपास देय होतो, तब्बल तीन महिन्यांनी. आता थ्रेशोल्ड. डॉलर खात्यासाठी गूगलच्या ॲडसेन्स या नेटवर्कचा थ्रेशोल्ड 100 डॉलर आहे. तिथे मागच्या महिन्याची अंतिम कमाई साधारण 3 तारखेपर्यंत ठरते आणि पेमेंट 21 ते 26 तारखेदरम्यान निघतं. रक्कम 100 च्या खाली राहिली तर ती पुढच्या महिन्यात ओढली जाते. इतर नेटवर्कचे थ्रेशोल्ड पाच-दहा डॉलरपासून शंभर डॉलरपर्यंत असतात, आणि पैसे घेण्याचा मार्ग बदलला की आकडाही बदलतो. वायर ट्रान्सफरसाठी तो सहसा जास्त असतो.

या दोन नियमांचा एकत्रित परिणाम आकड्यांतून नीट कळतो, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेतो. समजा एका साइटवर दोन नेटवर्क लावलेली आहेत. पहिल्याचा थ्रेशोल्ड 100 डॉलर आणि पेमेंट पुढच्या महिन्याच्या चौथ्या आठवड्यात. दुसऱ्याचा थ्रेशोल्ड 50 डॉलर आणि मुदत नेट 60.

पहिल्यावर जानेवारीत 42, फेब्रुवारीत 40 आणि मार्चमध्ये 44 डॉलर अंतिम झाले. फेब्रुवारीअखेर 82, मार्चअखेर 126. थ्रेशोल्ड मार्चमध्ये ओलांडला, पैसे एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात.

दुसऱ्यावर जानेवारीत 14, फेब्रुवारीत 12.50, मार्चमध्ये 13.50 आणि एप्रिलमध्ये 15 डॉलर. बेरीज 50 च्या वर जायला एप्रिल संपावा लागला, तेव्हा ती 55 झाली. पण एप्रिलची कमाई नेट 60 प्रमाणे 29 जूनला देय होते. म्हणजे जानेवारीतले 14 डॉलर जूनच्या शेवटी हातात. इथे कुणीही उशीर केलेला नाही, सगळं करारानुसारच झालं. नवखा पब्लिशर मात्र मे महिन्यातच 'नेटवर्क पैसे बुडवतंय' अशा निष्कर्षाला आलेला असतो.

आता साइटवरच्या जाहिरातींच्या ज्या जागा दुसऱ्या नेटवर्ककडे होत्या, त्या पहिल्यालाच दिल्या असत्या तर? पहिलं नेटवर्क त्या जागांचे एक पंचमांश कमी पैसे देतं असं धरू. मग जानेवारीत 42 अधिक 11.20 आणि फेब्रुवारीत 40 अधिक 10, म्हणजे दोन महिन्यांत 103.20. थ्रेशोल्ड फेब्रुवारीतच ओलांडला असता आणि सगळे पैसे मार्चच्या चौथ्या आठवड्यात आले असते. दर कमी मिळाला, पण त्या जागांचा पैसा तीन महिने आधी आणि उरलेला एक महिना आधी सुटला. महिन्याची एकूण कमाई शंभर डॉलरच्या आत असेल तोवर नेटवर्क वाढवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक नव्या नेटवर्कमागे थ्रेशोल्डइतकी रक्कम कुठेतरी अडकून पडते, आणि कमाई लहान असताना ती रक्कम कमाईच्या मानाने फार मोठी असते.

आता नोंदवहीकडे वळू. बहुतेक जण एकच शीट करतात: महिना, नेटवर्क, कमाई, मिळाले. ही रचना तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच मोडते. वरच्या उदाहरणात 126 डॉलरचं एक पेमेंट तीन महिन्यांचं आहे. ते कुठल्या ओळीसमोर लिहिणार? म्हणून कमाई आणि पेमेंट यांची दोन वेगळी शीट ठेवा आणि त्यांना Earnings आणि Payments अशी नावं द्या. कमाईच्या शीटमध्ये महिना, नेटवर्क, अंदाजित रक्कम, अंतिम रक्कम आणि देय तारीख. पेमेंटच्या शीटमध्ये तारीख, नेटवर्क, नेटवर्कने पाठवलेली रक्कम आणि बँकेत प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम.

शेवटचे दोन रकाने वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे. नेटवर्क 126 पाठवतं, मधल्या बँका शुल्क कापतात आणि खात्यात समजा 114 येतात. शिल्लक काढताना 114 वजा केले तर तुमच्या वहीप्रमाणे नेटवर्ककडे 12 डॉलर कायमचे बाकी दिसत राहतील आणि डॅशबोर्डशी हिशोब कधीच जुळणार नाही. शिल्लक नेहमी पाठवलेल्या रकमेवरून काढायची. जमा झालेली रक्कम फक्त शुल्कात किती गेले ते कळण्यासाठी.

तिसऱ्या छोट्या शीटवर A रकान्यात नेटवर्कची नावं लिहा आणि शिल्लक अशी काढा:

```
=SUMIFS(Earnings!D:D,Earnings!B:B,A2)-SUMIFS(Payments!C:C,Payments!B:B,A2)
```

कमाईच्या शीटमध्ये A रकान्यात महिन्याची पहिली तारीख टाकली की नेट 60 ची देय तारीख अशी निघते:

```
=EOMONTH(A2,0)+60
```

अंदाजित आणि अंतिम रकमेचे रकाने वेगळे का, हेही सांगतो. रोज दिसणारा आकडा अंदाज असतो. अवैध ट्रॅफिक, म्हणजे बॉट किंवा संशयास्पद क्लिक, नंतर वजा होतात. एक-दोन टक्क्यांचा फरक असेल तर मी पुढे जातो. फरक एकाएकी दहा-पंधरा टक्क्यांवर गेला तर आधी साइटचं ॲनालिटिक्स उघडतो आणि नवा ट्रॅफिक कुठून आला ते बघतो, कारण अशा कपातीकडे दुर्लक्ष केलं तर पुढे खातंही बंद होऊ शकतं. दुसऱ्यांच्या वस्तू विकून दिल्याबद्दल मिळणाऱ्या ॲफिलिएट कमिशनमध्ये हीच गोष्ट ठळकपणे दिसते: ग्राहकाने वस्तू परत केली की मंजूर न झालेलं कमिशन नाहीसं होतं. म्हणून शिल्लक काढताना फक्त अंतिम रक्कम धरा.

देय तारीख उलटली, रक्कम थ्रेशोल्डच्या वर आहे आणि तरी पैसे नाहीत, तर तो खरा उशीर. त्यातही पहिला संशय स्वतःच्या खात्यावर घ्यावा. ॲडसेन्समध्ये कमाई 10 डॉलरला पोचली की पत्ता पडताळण्यासाठी पोस्टाने पिन येतो. तो चार महिन्यांत भरला नाही तर साइटवर जाहिराती दिसणं थांबतं. टॅक्स फॉर्म अर्धवट असणं, बँक खात्यावरचं नाव आणि नेटवर्कच्या खात्यावरचं नाव न जुळणं यामुळेही पेमेंट रोखलं जातं. ही अडचण 20 तारखेपर्यंत सोडवली तर त्याच महिन्याचं पेमेंट वाचतं, नाहीतर गाडी पुढच्या महिन्यावर जाते. इतर नेटवर्कच्या शेवटच्या तारखा वेगळ्या असतात, त्या वहीत लिहून ठेवा.

खातं स्वच्छ असेल तर दोष पुढच्या साखळीत असतो. जाहिरातदार एजन्सीला देतो, एजन्सी खरेदीच्या प्लॅटफॉर्मला, तो विक्रीच्या एक्स्चेंजला, एक्स्चेंज नेटवर्कला आणि नेटवर्क आपल्याला. बऱ्याच करारांत असं कलम असतं की वरून पैसे आले तरच खाली द्यायचे. 2023 च्या जूनअखेर मीडियामॅथ ही जाहिरात खरेदीची मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा अनेक एक्स्चेंजचे पैसे तिच्याकडे अडकले आणि त्याची झळ थेट पब्लिशरांपर्यंत आली. ज्या कंपनीचं नावही आपण ऐकलेलं नसतं, तिच्या दिवाळखोरीने आपली रक्कम कमी होऊ शकते.

अडचणीत आलेलं नेटवर्क आधी काही खुणा दाखवतं. माझ्या वाट्याला आलेल्या एका नेटवर्कमध्ये त्या क्रमाने दिसल्या. प्रथम नेट 30 चं नेट 45 झाल्याचा मेल आला. मग एका महिन्यात 'तांत्रिक कारणाने' पेमेंट आठवडाभर पुढे गेलं. त्यानंतर निम्मीच रक्कम आली आणि सपोर्टकडून प्रत्येक प्रश्नाला एकच ठरलेलं उत्तर येऊ लागलं. तेवढ्यावर मी जाहिरातींचा कोड काढला, साइटवरच्या जाहिराती विकायची परवानगी कुणाला आहे ते सांगणाऱ्या ads.txt फाइलमधली त्यांची ओळ काढली आणि सगळ्या महिन्यांचे रिपोर्ट डाउनलोड करून ठेवले. रिपोर्ट आधी घ्यावेत, कारण लॉगिन बंद झालं की पुराव्याला काहीच उरत नाही. मग एकाच मेलमध्ये महिनावार अंतिम रक्कम, करारातली देय तारीख आणि बाकी लिहून मागणी केली. थकबाकी हप्त्याहप्त्याने आली, पूर्ण आली नाही. कोड चालू ठेवला असता तर बुडालेली रक्कम दर महिन्याला वाढत गेली असती.

याच कारणासाठी थ्रेशोल्ड स्वतःहून वाढवण्याचा सल्ला मी तोलून घेतो. समजा प्रत्येक वायर ट्रान्सफरमागे 15 डॉलर सपाट शुल्क आहे. 50 डॉलरवर ते 30 टक्के पडतं आणि 300 डॉलरवर 5 टक्के, त्यामुळे रक्कम साठवून घेणं फायद्याचं दिसतं. पण तेवढे 300 डॉलर तोवर नेटवर्ककडे असतात. जे नेटवर्क वर्षानुवर्षं ठरल्या तारखेला देतं तिथे मी साठू देतो. नव्या नेटवर्कवर मात्र पहिली काही पेमेंट किमान थ्रेशोल्डवरच घेतो, शुल्क जास्त गेलं तरी चालेल.

एखादं नेटवर्क सोडायचं असेल तर कोड काढण्याआधी शिल्लक बघा. ॲडसेन्सचं खातं बंद करताना 10 डॉलर किंवा त्याहून जास्त शिल्लक असेल तर ती दिली जाते. बऱ्याच नेटवर्कच्या अटींमध्ये मात्र थ्रेशोल्डखालची रक्कम खातं बंद होताना सोडून द्यावी लागते. वरच्या उदाहरणातलं दुसरं नेटवर्क मार्चअखेर सोडायचं ठरवलं असतं तर तिथे 40 डॉलर असते, थ्रेशोल्डला 10 कमी. अशा वेळी बाकीच्या जागा पहिल्या नेटवर्कला देऊन एकच चांगली जागा दुसऱ्याकडे ठेवायची. कपातीसाठी थोडी जास्तीची रक्कम धरून, अंतिम आकडा 53-54 च्या आसपास गेला की ती जागाही काढायची आणि पैसे खात्यात दिसेपर्यंत लॉगिन चालू ठेवायचं.