सावळा चेहरा राखाडी पडत होता, तो असा सुटला

बडोद्यात शेजारच्या मावशींचं ऑइल पोर्ट्रेट करतेय, रंग चांगला गडद सावळा, पण कपाळावर उजेड दाखवायला टायटॅनियम व्हाइट घातला की तिथे खडू फासल्यासारखं दिसायचं. हा पांढरा मिश्रण फिकट करतोच, शिवाय थंडही करतो, त्यामुळे गडद रंगातली ऊब जाते. मग बेस तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि थोडा निळा अल्ट्रामरीन असा केला, उजेडाकडे जाताना आधी यलो ऑकर, मग किंचित कॅडमियम ऑरेंज, आणि पांढरा अगदी शेवटी, तोही जेमतेम. राखाडीपणा गेला.

तरी चेहरा सपाटच, कारण सगळीकडे तेच मिश्रण! नाक, कान, गाल इथे रक्त कातडीच्या जवळ असतं म्हणून तिथे गडद लाल अलिझरीन वाढवलं, कपाळावर ऑकर, आणि खिडकीकडच्या गालाच्या हाडावर आकाशाचा उजेड चमकतो तिथे निळसर छटा मुद्दाम ठेवली, मावशी लगेच ओळखू यायला लागल्या.

गव्हाळ आणि गोऱ्या चेहऱ्यालाही हेच रंग पुरतात, गव्हाळला ऑकर जास्त, गोऱ्याला पांढरा जास्त आणि निळा नखभर. फक्त गोऱ्याच्या सावलीत काळा घालू नका, ऑकरशी मिसळून हिरवट होतो, तिथेही सिएना-अल्ट्रामरीनच घ्या.