धुराडे असूनही घरात धूर : माझा अनुभव

आईने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, तरी फुंकून करायच्या तपासणीत तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार निघाला. चुलीच्या धुरातले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात.

आमच्या चुलीला धुराडे होते, तरीही धूर घरातच पसरत असे. चुलीच्या तोंडाशी पेटता कागद धरला, तेव्हा ज्योत आत ओढली जाण्याऐवजी बाहेर झुकली, म्हणजे ओढच नव्हती. नळीच्या वळणात काजळी साचलेली होती, शिवाय तिचे टोक आढ्यापेक्षा खाली असल्यामुळे वारा धूर परत आत ढकलत होता. काजळी खरवडली, नळी आढ्याच्या दोन-तीन फूट वर नेली आणि लाकडांखाली लोखंडी जाळी बसवली, त्यामुळे खालून हवा मिळून जाळ स्वच्छ झाला. वैलावरचे भांडे मात्र घट्ट बसायला हवे, नाहीतर त्या फटीतून धूर निघतोच.

आता भिंती पूर्वीसारख्या काळवंडत नाहीत. तरीही कण पूर्ण थांबत नाहीत आणि आईच्या फुप्फुसांची झालेली हानी भरून येणार नाही, म्हणून तिचा स्वयंपाक आता गॅसवरच होतो.