पैसे कापले, पण पोहोचले नाहीत: यूपीआय अडकल्यावर या चुका टाळा

"माझ्या खात्यातून पैसे गेले, पण त्यांना मिळालेच नाहीत." अशी तक्रार आली की तिच्यामागून आणखी एक वाक्य हमखास येतं: "म्हणून मी परत पाठवले." बहुतेकांचं खरं नुकसान या दुसऱ्या वाक्यात होतं. पहिल्या वाक्यातली अडचण जवळजवळ नेहमी आपोआप सुटते, कारण तिच्यासाठी नियम आहे आणि मुदतही आहे. दोनदा पाठवलेल्या पैशांसाठी तसा नियम नाही.

आधी पैसे नेमके कुठे अडकतात ते समजून घ्या. आपण पिन टाकला की विनंती अ‍ॅपकडून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेकडे जाते. एनपीसीआय आपल्या बँकेला पैसे कापायला सांगते. बँकेने "कापले" असं कळवलं, की एनपीसीआय समोरच्याच्या बँकेला पैसे जमा करायला सांगते. तिचा होकार आला की दोन्हीकडे "सक्सेस" दिसतं. म्हणजे कापणं आणि जमा होणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन वेगळ्या बँकांच्या यंत्रणांत होणारी, आणि पहिलं झाल्यावरच दुसरं सुरू होतं. कापल्याचा मेसेज आपली बँक पहिलं काम होताच पाठवते. त्या मेसेजवरून फक्त पैसे निघाले एवढंच कळतं.

दुसऱ्या टप्प्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. समोरची बँक होकार देते, मग प्रश्नच नाही. ती स्पष्ट नकार देते, उदाहरणार्थ खातं बंद किंवा गोठवलेलं असतं. मग व्यवहार "फेल्ड" होतो आणि कापलेली रक्कम उलटून आपल्या खात्यात येते, बऱ्याचदा काही मिनिटांत. तिसरी शक्यता सगळ्यात त्रासदायक, आणि लोक सर्वाधिक चुका इथेच करतात: समोरच्या बँकेकडून वेळेत काहीच उत्तर येत नाही. बँकेचा सर्व्हर थंडावलेला असतो किंवा देखभालीसाठी बंद असतो. तिने पैसे जमा केले आणि होकार वाटेत अडकला, की जमाच केले नाहीत, हे त्या क्षणी एनपीसीआयलाही कळत नाही. असा व्यवहार "डीम्ड" धरला जातो. नंतर समोरची बँक हिशेब जुळवताना तो शोधून काढते आणि एकतर पैसे जमा करते, नाहीतर परत पाठवते. तोपर्यंत आपल्या अ‍ॅपवर "पेंडिंग" किंवा "प्रोसेसिंग" दिसत राहतं.

पेंडिंग असताना पुन्हा पैसे पाठवणे

याचं काय होतं ते एका प्रकरणात बघा. नाशिकचा एक तरुण सिन्नरला जुनी मोटरसायकल घ्यायला गेला. सौदा 18,000 रुपयांचा. शनिवारी संध्याकाळी 6:40 ला त्याने पैसे पाठवले. खात्यातून कापल्याचा मेसेज आला, अ‍ॅपवर मात्र पेंडिंग. विकणारा म्हणाला, "माझ्याकडे काही आलं नाही, आणि मला निघायचंय." तरुणाने 6:46 ला पुन्हा 18,000 पाठवले. हा व्यवहार लगेच सक्सेस झाला. चावी मिळाली, गाडी घेऊन तो घरी आला. "पहिले पैसे मला परत येतीलच," हा त्याचा हिशेब.

ते परत आले नाहीत. विकणाऱ्याची बँक 6:40 ला उत्तर देत नव्हती आणि 6:46 पर्यंत सावरली होती. पहिला व्यवहार डीम्ड होता. रविवारी सकाळी हिशेब जुळवताना त्या बँकेने तो नियमाप्रमाणे विकणाऱ्याच्या खात्यात जमा केला. अ‍ॅपवर पेंडिंगचं सक्सेस झालं. विकणाऱ्याकडे 36,000 गेले आणि सोमवारपासून त्याने फोन उचलणं बंद केलं. तरुण बँकेत गेला तेव्हा उत्तर मिळालं की दोन्ही व्यवहार यशस्वी आहेत, दोन्हींचे यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, वेगळे आहेत आणि दोन्हींत पिन त्यानेच टाकला आहे. बँकेच्या दृष्टीने इथे काहीच बिघडलेलं नाही. समोरच्याने संमती दिल्याशिवाय बँक ते पैसे त्याच्या खात्यातून काढून देत नाही. आता उरलं ते नोटीस, पोलीस आणि मनस्ताप.

सहा मिनिटांची घाई 18,000 रुपयांना पडली. असं प्रकरण पाहिलं की वाईट वाटतं, कारण ते टाळता येतं. पेंडिंग दिसलं की पहिलं काम म्हणजे हात थांबवायचा. अ‍ॅपच्या इतिहासात जाऊन तोच व्यवहार उघडायचा आणि स्टेटस तपासायचं. एनपीसीआयच्या 2025 च्या नियमांनुसार अडकलेल्या व्यवहाराचं स्टेटस 90 सेकंदांच्या अंतराने तीन वेळाच तपासता येतं, त्यामुळे बटण सारखं दाबून उपयोग नाही. दहा-पंधरा मिनिटांतही निकाल लागला नाही, तर तो दुसऱ्या दिवसापर्यंत लागेल असं धरून चाला.

समोरचा थांबायला तयार नसेल तर? रोख द्या, पण त्याआधी त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या: "18,000 रोख मिळाले. यूपीआयचे 18,000 (यूटीआर क्रमांक अमुक) खात्यात आले तर परत देईन." एवढं लिहून द्यायला जो कचरतो, त्याला दुसऱ्यांदा एक रुपयाही देऊ नये, मग सौदा मोडला तरी चालेल. अनोळखी माणसाला मोठी रक्कम द्यायची असेल तर आधी एक रुपया पाठवून तो पोहोचल्याची खात्री करावी. समोरची बँक त्या वेळी चालू आहे का आणि नाव बरोबर आहे का, दोन्ही त्यातून कळतं.

सक्सेस दिसतंय, तरी समोरचा "आले नाहीत" म्हणतो

पैसे बहुतेक वेळा आलेले असतात, तो चुकीच्या जागी बघत असतो. मोबाईल नंबरवर पाठवलेले पैसे त्या नंबरच्या यूपीआयला जोडलेल्या मुख्य खात्यात जातात. त्याची दोन बँकांत खाती असतील आणि तो दुसरं उघडून बसला असेल, तर त्याला काहीच दिसणार नाही. पैसे आलेलं खातं वेगळ्या अ‍ॅपशी जोडलेलं असेल तर हातातल्या अ‍ॅपच्या यादीतही नोंद दिसेलच असं नाही. लहान रकमांचा मेसेज काही बँका पाठवतही नाहीत. त्याला पासबुक किंवा बँकेच्या अ‍ॅपवरचं स्टेटमेंट उघडायला सांगा आणि त्यात यूटीआर शोधायला सांगा. स्क्रीनशॉटवर वाद घालू नका. बनावट स्क्रीनशॉट तयार करणारी अ‍ॅप सर्रास मिळतात, त्यामुळे दुकानदाराने स्क्रीनशॉट नाकारला तर तो बरोबरच वागतोय.

दुकानाचा क्यूआर असेल तर पैसे अनेकदा मधल्या पेमेंट कंपनीकडे जमा होतात आणि दिवसभराची रक्कम एकत्र करून दुकानदाराच्या खात्यात नंतर पडते. तिथे बँकेच्या मेसेजची वाट बघण्यात अर्थ नाही. दुकानदाराने त्या कंपनीच्या व्यापारी अ‍ॅपमधली व्यवहारांची यादी बघावी. साउंडबॉक्स बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असंही नाही, त्याचं नेटवर्क गेलेलं असू शकतं.

गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधणे

अडकलेल्या 500 रुपयांसाठी खातं रिकामं करून घेण्याचा हा राजमार्ग आहे. शोधात वर दिसणारे कित्येक नंबर भामट्यांनी टाकलेले असतात. ते गोड बोलतात, स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप उतरवायला लावतात, किंवा "रिफंड घेण्यासाठी" पिन टाकायला सांगतात. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. अशा वेळी पिन टाकला की पैसे जातातच. तक्रार नोंदवायची ती अ‍ॅपमधल्या त्याच व्यवहाराच्या पानावरून, किंवा पासबुकावर अथवा डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. फसलाच असाल तर तासाभरात 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर नोंद करा.

चुकीच्या माणसाला गेलेले पैसे "अडकले" म्हणणे

नंबरातला एक आकडा चुकला आणि पैसे भलत्याला गेले, तर तो यशस्वी व्यवहार आहे. तो आपोआप उलटत नाही. बँकेला त्याच दिवशी कळवा. पुढे सगळं समोरच्या खातेदाराच्या संमतीवर अवलंबून असतं.

मुदत न मोजता तक्रार करणे, किंवा तक्रारच न करणे

काही लोक दहाव्या मिनिटाला शाखेत येऊन भांडतात, तर काही महिनाभर गप्प बसतात. दोन्ही चूक. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात मुदत स्पष्ट दिली आहे. माणसाने माणसाला पाठवलेले पैसे कापले गेले पण जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदाराला पाठवले आणि त्याच्याकडे पावती पोहोचली नाही, तर पाच दिवस. दिवस कॅलेंडरचे धरायचे, रविवार वगळायचा नाही. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे.

म्हणजे 14 तारखेला मित्राला पाठवलेले पैसे 15 पर्यंत परत यायला हवेत. 19 ला आले तर चार दिवस उशीर, भरपाई 400 रुपये. तीच रक्कम दुकानदाराला पाठवलेली असेल तर मुदत 19 पर्यंत, आणि 19 ला परत आली तर भरपाई शून्य. परत आलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये नवीन जमा म्हणून दिसते, बहुधा "REV" किंवा तशाच खुणेसह. लोक जुनी कपातीची नोंद नाहीशी होण्याची वाट बघतात. ती तशीच राहते.

मुदत उलटली की अ‍ॅपमधल्या त्या व्यवहारावरच तक्रार टाका. सोबत बँकेलाही लेखी कळवा, आणि त्यात 12 आकडी यूटीआर द्या. अ‍ॅपने दिलेला स्वतःचा लांबलचक क्रमांक देऊन लोक बँकेला कामाला लावतात, पण बँकेच्या यंत्रणेत शोध लागतो तो यूटीआरने. मजकूर एवढा पुरे:

"दिनांक 14 रोजी सायंकाळी 6:40 वाजता माझ्या खात्यातून (शेवटचे चार आकडे अमुक) 2,500 रुपये कापले गेले. यूटीआर अमुक. लाभार्थीच्या खात्यात जमा नाहीत, मलाही परत आलेले नाहीत. रक्कम व नियमानुसार विलंब भरपाई जमा करावी."

तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तिथे पहिला प्रश्न असतो की बँकेकडे आधी लेखी तक्रार केली होती का आणि कधी.