ईएसआयचे आजारपणाचे पैसे: या चुका टाळा

कामगार फेब्रुवारीत आजारी पडतो आणि जानेवारीची हजेरी घेऊन येतो. "साहेब, एकही खाडा नाही, मग पैसे का नाहीत?" टाइम ऑफिसात बसून हा प्रश्न मी सतत ऐकतो. जानेवारी ते जूनमधल्या आजारपणासाठी आदल्या वर्षीच्या एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी बघतात. जुलै ते डिसेंबरसाठी त्याआधीच्या ऑक्टोबर ते मार्चची. त्या सहा महिन्यांत निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ठेकेदार बदलला, की हे दिवस हमखास कमी पडतात. म्हणून एप्रिल आणि ऑक्टोबर उजाडला, की ईएसआयसीच्या पोर्टलवर विमा क्रमांकाने शिरून आपले दिवस मोजा. नव्याने लागलेल्यांनी पहिले नऊ महिने या पैशांची वाट बघू नये. उपचार मात्र आधीपासून मिळतात.

दुसरी चूक खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीची. भोसरीतल्या एका पोराला मार्चमध्ये कावीळ झाली. ईएसआय दवाखान्यात रांग असते म्हणून तो गल्लीतल्या डॉक्टरकडे गेला आणि पंधरा दिवसांनी त्याची चिठ्ठी घेऊन थेट शाखा कार्यालयात पोहोचला. तिथे ती चालली नाही. मग कुणीतरी सांगितलं, पैसे दे, मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणून देतो. पैसे गेले, सर्टिफिकेट आलंच नाही. असल्या एजंटांचा मला मनस्वी राग आहे, आणि रांगेचा एक तास वाचवणाऱ्या घाईचाही.

त्याचं नुकसान बघा. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये 150 दिवसांचा पगार झाला होता 90,000 रुपये, म्हणजे दिवसाला सरासरी 600. त्याचे 70 टक्के 420. पंधरा दिवसांतले पहिले दोन मिळत नाहीत, म्हणून तेरा दिवसांचे 5,460 रुपये त्याच्या हक्काचे होते. मी प्रत्येकाला हेच सांगतो: पहिल्याच दिवशी ईएसआय दवाखाना गाठा, सर्टिफिकेट तिथूनच घ्या, मुदत संपायच्या आत पुढचं घ्या. अचानक दुसरीकडे भरती व्हावं लागलं, तर घरच्या माणसाला कागद घेऊन लगेच दवाखान्यात पाठवा.

पगारी रजा आणि ईएसआयचे पैसे एकाच दिवसासाठी मागू नका, मिळत नाहीत. आजारपणाच्या सुट्टीत दुसरीकडे काम करू नका.

ज्याचे पैसे मिळाले ते आधीचं आजारपण संपल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात, तर ते दोन दिवस परत कापले जात नाहीत. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवसांचे पैसे मिळतात. ते संपले म्हणून टीबी किंवा कर्करोगाचे रुग्ण गप्प घरी बसतात, ही सगळ्यात वाईट चूक. ठरावीक दीर्घ आजारांत पुढेही 80 टक्के दराने पैसे मिळू शकतात. त्यासाठी दोन वर्षांची नोकरी आणि आधीच्या चार वर्गणी-काळांत मिळून 156 दिवसांची वर्गणी लागते. 91 दिवस भरत आले, की ईएसआयच्या डॉक्टरांशी याबद्दल बोला.