स्लाइड्स हलवल्या पण नोट्स तिथेच राहिल्या? या चुका टाळा

पॉवरपॉइंटमध्ये स्पीकर नोट्स स्लाइडलाच चिकटलेल्या असतात, स्लाइड ड्रॅग करून वर नेली की नोट्स आपोआप सोबत जातात. मग तरीही प्रेझेंटेशनमध्ये समोर एक स्लाइड आणि खाली भलत्याच नोट्स, असं का होतं? बहुतेक वेळा स्लाइड हललेलीच नसते, आतला मजकूर हललेला असतो.

एक उदाहरण घेऊ. स्लाइड ३ समस्या, ४ उपाय, ५ वेळापत्रक, ६ खर्च, ७ धोके. साहेब म्हणतात खर्च समस्येनंतर लगेच घ्या. आता घाईत काय करतात, तर ६ वरचा चार्ट कट करून ४ वर पेस्ट, ४ वरचं ५ वर, ५ वरचं ६ वर. दिसायला सगळं ठीक, पण नोट्स जागच्या जागी. म्हणजे खर्चाच्या स्लाइडखाली उपायाच्या नोट्स, उपायाखाली वेळापत्रकाच्या आणि वेळापत्रकाखाली खर्चाच्या. असं करूच नका, डावीकडच्या थंबनेल्समध्ये किंवा Slide Sorter मध्ये जाऊन पूर्ण स्लाइड उचला आणि ३ नंतर सोडा, काम झालं.

पण समजा ऑलरेडी झालंय आणि अनडूची वेळ निघून गेलीये, तर नोट्स हाताने फिरवाव्या लागतील, आणि इथे दुसरी चूक होते, लोक वरून सुरुवात करतात. ४ च्या नोट्स ५ मध्ये पेस्ट केल्या की ५ च्या मूळ नोट्स गेल्या ना! खालून सुरू करा. शेवटी एक रिकामी स्लाइड घाला, ६ च्या नोट्स (खर्च) कट करून तिच्या नोट्समध्ये ठेवा, मग ५ च्या ६ मध्ये, ४ च्या ५ मध्ये, आणि बाजूला ठेवलेल्या खर्चाच्या ४ मध्ये. मग ती रिकामी स्लाइड डिलीट. नोटपॅडमध्ये ठेवल्या तरी चालतं पण बोल्ड केलेले शब्द साधे होतात आणि बोलताना नजर नेमकी तेच शोधत असते.

आता खरा त्रास. स्लाइड नीट ड्रॅग केली, नोट्स बरोबर सोबत आल्या, तरीही बोलताना अडखळायला होतं कारण नोट्समधली जोडवाक्यं जुन्या क्रमाचीच असतात. एक स्लाइड हलवली की साधारण तीन सांधे तुटतात: ती जिथे आली तिथे पुढे-मागे दोन, आणि जिथून गेली तिथे एक. आपल्या उदाहरणात समस्या ते खर्च, खर्च ते उपाय, आणि वेळापत्रक ते धोके. उपाय ते वेळापत्रक तसाच आहे, त्याला हात लावू नका, उगाच सगळ्या नोट्स परत लिहीत बसणारे लोक मी बघितलेत. वेळापत्रकाच्या नोट्समध्ये शेवटी 'आता याला खर्च किती येईल ते बघू' लिहिलंय आणि पुढे येतात धोके, तर फक्त ते वाक्य बदला. असली वाक्यं शोधायला Ctrl+F मध्ये 'आता', 'मघाशी', 'पुढच्या', 'स्लाइड' असे शब्द टाका, नोट्समधला मजकूरही सापडतो. 'स्लाइड ६ वर बघितलं तसं' असे आकडे तर नोट्समध्ये लिहूच नयेत, त्याऐवजी 'खर्चाच्या स्लाइडवर' लिहा म्हणजे क्रम कितीही बदलला तरी खरं राहतं.

सर्चमध्ये न सापडणारी एक गोष्ट म्हणजे आधी सांगितलेलं गृहीत धरणं. खर्चाच्या नोट्समध्ये 'दुसऱ्या टप्प्यात खर्च वाढतो' असं असेल, पण टप्पे तर वेळापत्रकात समजावलेत आणि ते आता नंतर येतंय, मग ऐकणारा विचारणार ना, कुठला टप्पा? खर्चाच्या नोट्समध्ये टप्प्यांचं एक वाक्य घाला आणि वेळापत्रकातलं थोडं कमी करा. हे फक्त नव्या क्रमाने मोठ्याने वाचल्यावरच कळतं, View मधल्या Notes Page मध्ये जाऊन वाचा, तिथे स्लाइड आणि नोट्स एकाच पानावर दिसतात.

डुप्लिकेट स्लाइडचंही तसंच, कॉपी केली की नोट्सची पण कॉपी होते आणि वरचं बदलून खालचं तसंच राहतं. प्रत्येक नोटच्या पहिल्या ओळीत स्लाइडचं शीर्षक टाईप करून ठेवलं तर ही गडबड बघताक्षणी पकडली जाते.

आणि नोट्सची आधी प्रिंट काढली असेल किंवा वर्डमध्ये एक्सपोर्ट केल्या असतील तर तो कागद जुन्याच क्रमाचा आहे, त्यावर पेनाने बाण काढत बसू नका, सगळं फायनल झाल्यावर नवीन प्रिंट काढा आणि जुनी फाडून टाका, नाहीतर ऐनवेळी हातात नेमकी तीच येते.