रोजची मल्टिव्हिटॅमिन गोळी चालू ठेवावी की थांबवावी, हे कसं ठरवावं

मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेतली की काही तासांत लघवी गडद पिवळी, कधी कधी चमकदार पिवळी होते. अनेकांना ही गोळी अंगी लागल्याची खूण वाटते. खरं तर हा रंग बी-२ जीवनसत्त्वाचा असतो. शरीराला हवं तेवढं घेऊन झालं, की उरलेलं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. जेवण चौरस असलेल्या निरोगी माणसाच्या बाबतीत या गोळीतल्या बऱ्याच गोष्टींचं असंच होतं. तरीही प्रत्येकाला सरसकट 'बंद करा' असं सांगणं बरोबर नाही. आपल्यापुरता निर्णय कसा घ्यायचा, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी: गोळीकडून नेमकं काय हवंय ते लिहा

कागदावर एकच वाक्य लिहा: 'मी ही गोळी अमुक कारणासाठी घेतो.' उत्तर 'आयुष्य वाढावं' किंवा 'हृदय चांगलं राहावं' असं असेल, तर त्याची तपासणी झालेली आहे. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर 'फिजिशियन्स हेल्थ स्टडी २' नावाची चाचणी झाली. काहींना रोज मल्टिव्हिटॅमिन, तर काहींना तशीच दिसणारी, पण आत जीवनसत्त्व नसलेली गोळी, अशी सरासरी ११ वर्षं दिली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांत फरक पडला नाही. कर्करोग मात्र थोडा कमी आढळला: दर हजार माणसांमागे वर्षाला १८.३ ऐवजी १७. म्हणजे हजार जणांनी वर्षभर रोज गोळी घेतल्यावर साधारण एकाला फायदा. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत ठोस म्हणता येईल इतकी घट दिसली नाही. नंतरच्या 'कॉसमॉस' चाचणीत स्त्री-पुरुष दोघेही होते, पण तिथे कर्करोगातली ही घट पुन्हा दिसली नाही. तिचा काळ मात्र बराच कमी, साडेतीन वर्षांच्या आसपास होता, हेही ध्यानात घ्यायला हवं.

२०२४ साली अमेरिकेतल्या सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी प्रौढांच्या वीसहून अधिक वर्षांच्या नोंदी तपासून झाल्या. रोज गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी नव्हतं. मला हा निष्कर्ष बोलका वाटतो. गोळी घेणारी माणसं सहसा व्यायाम जास्त करतात, धूम्रपान कमी करतात, म्हणजे पारडं आधीच त्यांच्या बाजूने झुकलेलं असतं. तरीही फायदा दिसला नाही.

एका बाबतीत मी दार उघडं ठेवतो, ती म्हणजे स्मरणशक्ती. 'कॉसमॉस'मधल्या साठीपुढच्या लोकांमध्ये गोळी घेणाऱ्या गटाची स्मरणशक्ती किंचित बरी राहिली. फरक लहान आहे, पण चाचणी नीट बेतलेली होती. वय साठीच्या पुढे असेल आणि हेच कारण असेल, तर गोळी चालू ठेवणं चूक म्हणता येणार नाही. तिशी-चाळिशीतल्या माणसाने मात्र हा आधार घेऊ नये.

दुसरी पायरी: आपण खरंच 'निरोगी आणि चौरस जेवणारे' आहोत का, ते पाहा

गेल्या सात दिवसांचं खाणं आठवून लिहा. डाळी-कडधान्यं, पालेभाज्या, फळं, दूध किंवा अंडी-मांस-मासे आणि सुकामेवा, यांपैकी बहुतेक गट आठवड्यात अनेकदा आले असतील, तर आहार पुरेसा वैविध्याचा आहे. दूध, अंडी, मांस-मासे यांपैकी काहीच खात नसाल, तर बी-१२ बाहेरून घ्यावंच लागतं. गर्भधारणेचा विचार असेल, तर निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यायला सांगतात. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर बी-१२ कमी पडू शकतं. अशांनी डॉक्टरांना विचारून रक्त तपासावं आणि जे कमी असेल तेच पुरेशा मात्रेत घ्यावं. सगळ्याची चिमूट-चिमूट असलेली गोळी अशा वेळी अनेकदा तोकडी पडते.

तिसरी पायरी: घरातल्या सगळ्या डब्या एकत्र मांडून बेरीज करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरा धोका इथेच असतो. समजा, ४५ वर्षांचे एक निरोगी गृहस्थ आहेत. रोज मल्टिव्हिटॅमिन घेतात, त्यात बी-६ आहे २ मिलिग्रॅम. 'ताकदीसाठी' बी-कॉम्प्लेक्स घेतात, त्यात ५० मिलिग्रॅम. झोपेसाठी मॅग्नेशियमची गोळी सुरू केली आहे. लेबल उलटून पाहिलं तर तिच्यातही बी-६, १० मिलिग्रॅम. बेरीज झाली ६२. प्रौढ माणसाची रोजची गरज आहे साधारण १.३ मिलिग्रॅम, आणि ती चौरस जेवणातून सहज भागते. रोज किती घेतलं तरी चालेल याची कमाल मर्यादा युरोपात १२ मिलिग्रॅम धरतात, अमेरिकेत १००. म्हणजे एका हिशोबाने हे गृहस्थ सुरक्षित, तर दुसऱ्या हिशोबाने मर्यादेच्या पाचपट.

बी-६ दीर्घकाळ जास्त झालं, तर संवेदना वाहणाऱ्या नसांना इजा होते. पायाच्या बोटांना मुंग्या येतात, तळवे बधिर वाटतात, अंधारात चालताना तोल जातो. आणि गोम अशी, की मुंग्या आल्या की माणूस 'बी कमी पडलं असेल' म्हणून आणखी एक गोळी घेतो. आपल्याला असं होत असेल, तर सगळ्या डब्या घेऊनच डॉक्टरांकडे जा. अति बी-६ हेच कारण असेल तर ते थांबवल्यावर बहुधा आराम पडतो, पण त्याला महिने लागू शकतात.

अशीच बेरीज अ जीवनसत्त्वाची करा. रेटिनॉल रूपातल्या अ ची मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम आहे. गरोदरपणात अति रेटिनॉल बाळाला घातक ठरू शकतं. शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं, त्या बीटा-कॅरोटीनची मोठी मात्रा धूम्रपान करणाऱ्यांनी टाळावीच. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं, तेव्हा फुफ्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

चौथी पायरी: थांबवायचं ठरलं, तर

डॉक्टरांनी लिहून दिलेलं लोह, फॉलिक ॲसिड किंवा बी-१२ आपल्या मनाने बंद करू नका. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल, तर गोळी थांबवण्याआधी डॉक्टरांना सांगा. गोळीत के जीवनसत्त्व असलं, तर ते बंद झाल्याने औषधाचा परिणाम बदलू शकतो. यांपैकी काहीच लागू नसेल, तर आपणहून सुरू केलेली मल्टिव्हिटॅमिन हळूहळू कमी करण्याची गरज नाही, उद्यापासून बंद केली तरी चालते. बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो.

चालू ठेवायचं ठरलं, तर

एकच गोळी ठेवा आणि बाकीच्या डब्या बाजूला करा. लेबलवर प्रत्येक घटक रोजच्या गरजेच्या शंभर टक्क्यांच्या आसपास असावा. थायरॉइडची गोळी घेत असाल, तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, कारण कॅल्शियम आणि लोह तिचं शोषण अडवतात. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं आणि काही मल्टिव्हिटॅमिनमध्येही ते जास्त घातलेलं असतं. त्यामुळे रक्ततपासणीत थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यात तपासतात ते ट्रोपोनिन खोटंच कमी दिसू शकतं. रक्त तपासायला जाताना गोळीची डबी सोबत न्या. त्यातली बायोटिनची मात्रा प्रयोगशाळेला दाखवा आणि गोळी किती दिवस आधी थांबवायची, ते तिथेच विचारून घ्या.